पीटीच्या सरांना समजेल असा कागद

बालरोगतज्ज्ञांच्या केसपेपरवर घाईत लिहिलेल्या चार ओळी आहेत:

“वय ११, वजन ३२. मॉडरेट पर्सिस्टंट अस्थमा. बुडेसोनाइड २०० – १ पफ बीडी, स्पेसरने.
साल्ब्युटामॉल १०० – २ ते ४ पफ एसओएस, रिपीट. प्री-एक्सरसाइज २ पफ.
पीईएफ बेस्ट २६०. ट्रिगर: यूआरटीआय, धूळ, फटाके. नोव्हेंबरमध्ये ॲडमिट.
इफ डिस्ट्रेस – रेफर. शाळेला प्लॅन द्यावा.”

औषधाच्या दुकानदाराला यातून हवं ते कळतं. दुसऱ्या डॉक्टरांना तर या ओळींत मुलीची सगळी कहाणी दिसते. पण शाळेच्या मैदानावर पावणेअकराला ती धावता धावता थांबली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि खोकायला लागली, तर तिच्याजवळ सर्वांत आधी पोहोचणार ते पीटीचे सर. त्यांना यातली एकही ओळ उपयोगी नाही. शेवटच्या तीन शब्दांतलं काम, म्हणजे शाळेला द्यायचा प्लॅन, बहुतेक वेळा मुलीची आई आणि शाळेतल्या एखाद्या बाई मिळून करतात. ते कसं करावं, हे या एका टिपणावरून पाहता येईल. मुलगी आणि टिपण दोन्ही उदाहरणासाठी रचलेली आहेत. ती पुण्यातल्या एका मराठी शाळेत सहावीत आहे, असं धरू.

आधी टिपणात काय म्हटलंय ते समजून घेऊ. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची थोडी सूज असते. सर्दी झाली, धूळ किंवा धूर आत गेला, की ही सूज वाढते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. म्हणून औषधंही दोन प्रकारची असतात. बुडेसोनाइड हे सूज उतरवणारं औषध रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, त्रास असो वा नसो. ते घरी घेतलं जातं, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं. त्याचा परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि चार ते सहा तास टिकतो. शाळेत लागतो तो हा दुसरा पंप.

कागदाचे तीन रंग वाहतुकीच्या दिव्यांवरून आले आहेत. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे त्रास सुरू झालाय, लाल म्हणजे जिवाला धोका. फुंकर मोजून हे तीन भाग पाडताना ८० आणि ५० टक्क्यांच्या ज्या सीमा जगभर वापरल्या जातात, त्या १९९१च्या अमेरिकी राष्ट्रीय मार्गदर्शिकेपासून रूढ झाल्या. रंग भरणं सोपं असतं. अडचण येते ती टिपणातले शब्द त्या रंगांत बसवताना.

पाच शब्द अधोरेखित

लिहायला बसल्यावर पहिलं काम म्हणजे लाल पेन घेऊन डॉक्टरांच्या टिपणात जिथे जिथे वाचणाऱ्याला स्वतःच्या मनाने ठरवावं लागेल, तिथे रेघ मारणं. या टिपणात अशा पाच जागा सापडतात. ‘एसओएस’, म्हणजे लागेल तेव्हा. पण लागेल तेव्हा म्हणजे काय दिसल्यावर? ‘२ ते ४ पफ’. मग दोन की चार? ‘रिपीट’, किती वेळाने आणि किती वेळा? ‘डिस्ट्रेस’, तो ओळखायचा कसा? ‘रेफर’, कुठे, कशाने आणि कोणी न्यायचं?

या पाचही जागा डॉक्टरांनी निष्काळजीपणाने मोकळ्या सोडलेल्या नाहीत. छातीला स्टेथोस्कोप लावू शकणाऱ्या माणसाला तेवढी मोकळीक हवीच असते. पण शिक्षकाकडे ना ते ज्ञान ना तेवढा वेळ. त्यामुळे कागद लिहिणाऱ्याने या जागा भरून घ्यायच्या, आणि त्या स्वतःच्या अंदाजाने किंवा इंटरनेटवरचा एखादा तयार तक्ता उतरवून भरायच्या नाहीत. तयार तक्ते का चालत नाहीत, हे दोन देशांच्या पद्धती शेजारी ठेवल्या की दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या शाळांत प्रथमोपचार म्हणून चार पफ द्यायचे, प्रत्येक पफनंतर चार श्वास आणि मग चार मिनिटं थांबायचं, असं शिकवतात. ब्रिटनमध्ये दर तीस ते साठ सेकंदांनी एक पफ, असे दहापर्यंत द्यायला सांगतात. दोन्ही पद्धती विचारपूर्वक ठरवलेल्या आहेत, आपापल्या ठिकाणी योग्यही आहेत. पण एकीतला आकडा आणि दुसरीतली वेळ उचलून तिसरीच पद्धत तयार केली, तर ती कोणाचीच राहत नाही.

शिवाय प्रत्येक मुलाचा पंप साल्ब्युटामॉलचाच असेल असंही नाही. अलीकडे काही मुलांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजच्या वापरासाठी आणि त्रासाच्या वेळी, अशा दोन्ही कामांना देतात. अशा मुलाचा कागद पूर्ण वेगळा होतो.

म्हणून आई पाच प्रश्न लिहून घेऊन दवाखान्यात जाते. धरून चालू की डॉक्टरांची उत्तरं अशी मिळाली: पिवळ्यात चार पफ, वीस मिनिटांनी पूर्ण आराम नसेल तर आणखी चार, तरीही आराम नसेल तर लाल. लालमध्ये सहा पफ आणि त्याच वेळी १०८. रुग्णवाहिका येईपर्यंत दर वीस मिनिटांनी पुन्हा सहा. ही मात्रा या एका मुलीची. शेजारच्या बाकावरच्या मुलाला ती लागू नाही.

हिरवा: ज्यात काहीच होत नाही, तो भाग

हिरव्या भागात लिहिण्यासारखं काय असणार, असं पहिल्यांदा वाटतं. पण शाळेचा बहुतेक वेळ याच भागात जातो, आणि पुढचा त्रास टाळण्याची संधीही इथेच असते. टिपणातले ‘प्री-एक्सरसाइज २ पफ’ हे शब्द इथे येतात. पळताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं, कोरडी हवा थेट नलिकांत जाते आणि त्या आवळतात. आधी औषध घेतलं की हे टळतं, आणि मुलीला खेळातून बाजूला बसवावं लागत नाही. पण ‘आधी’ म्हणजे किती आधी? दहा-पंधरा मिनिटं. मग कागदावर ‘व्यायामापूर्वी’ असा शब्द नको, वेळापत्रक पाहून थेट वेळ हवी. या मुलीचा पीटीचा तास मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला असतो. म्हणून ओळ अशी बनते:

“हिरवा – ठीक आहे. खोकला नाही, छातीत आवाज नाही, धावता येतं, रात्री झोप नीट झाली. मंगळवारी व शुक्रवारी सव्वादहाला साल्ब्युटामॉलचे २ पफ स्पेसरमधून. वर्गशिक्षिका आठवण करतील. पीटीत पूर्ण भाग घ्यायचा.”

‘रात्री झोप नीट झाली’ ही खूण शाळेला दिसत नाही. दम्याचा खोकला पहाटे वाढतो, आणि रात्री दोनदा उठलेली मुलगी सकाळी वरवर बरी दिसते. त्यामुळे रात्री त्रास झाला असेल तर आईने डायरीत तसं लिहायचं आणि त्या दिवशी मुलीला सुरुवातीपासूनच पिवळ्यात धरायचं, असं ठरतं.

ट्रिगर म्हणजे त्रास सुरू करणाऱ्या गोष्टी. त्यांची यादीही शाळेच्या भाषेत आणावी लागते. ‘धूळ’ हा शब्द वाचून कोणी काही करत नाही. ‘वर्ग झाडला जात असताना ती वर्गात बसणार नाही’ आणि ‘तिची जागा फळ्यापासून तिसऱ्या रांगेच्या मागे’ या ओळी वाचून मात्र काहीतरी करता येतं. ‘यूआरटीआय’ म्हणजे साधी सर्दी, आणि मुलांच्या दम्याला ती सर्वांत जास्त वेळा चाळवते. ‘फटाके’ या शब्दाबरोबर शाळेतल्या गणपतीपुढचा धूप आणि सुट्टीत मारलेला ओला ऑइलपेंट यांचाही विचार करावा लागतो.

पिवळा: जिथे घड्याळ लागतं

‘एसओएस’ची खरी जागा पिवळ्यात. इथे खुणा अशा लिहायच्या की त्या न शिकलेल्या डोळ्यांना आणि कानांना कळाव्यात. थांबत नसलेला खोकला, छातीतून शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, ‘छाती आवळल्यासारखी वाटते’ असं म्हणणं, खेळ अर्धवट सोडून बसणं. लहान वर्गातली मुलं छातीऐवजी ‘पोटात दुखतं’ असंही सांगतात.

औषध देण्याची कृती कागदावर सविस्तर हवी, कारण ‘चार पफ’ वाचून माणूस चार वेळा पटापट दाबतो. त्याने औषधाचे बरेचसे कण एकमेकांवर आदळतात, स्पेसरच्या भिंतीला चिकटतात आणि छातीपर्यंत पोहोचतच नाहीत. बरोबर पद्धत अशी: मुलीला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मुलीने स्पेसरचं तोंड ओठांत घट्ट धरायचं. एकदाच दाबायचं आणि तिने नेहमीसारखे पाच श्वास आत-बाहेर घ्यायचे. मग पंप पुन्हा हलवायचा आणि दुसरा पफ. चार पफना दोन-तीन मिनिटं लागतात. त्याहून लवकर उरकले असतील, तर कुठेतरी घाई झाली आहे.

औषधानंतर हात थरथरतात, छाती धडधडते. पहिल्यांदा पाहणारा शिक्षक यामुळे घाबरतो आणि पुढची मात्रा द्यायला कचरतो. म्हणून तेही लिहावं: थरथर होईल, ती थोड्या वेळाने जाते, त्यामुळे औषध थांबवू नका.

“पिवळा – त्रास सुरू झाला आहे. खेळ थांबवा, ताठ बसवा, एकटीला कुठेही पाठवू नका. एकेक करून ४ पफ. शेवटच्या पफची वेळ इथे लिहा: ____. २० मिनिटांनी पाहा. पूर्ण बरं वाटलं तर वर्गात, आज पीटी नाही, घरी कळवा. पूर्ण बरं नसेल तर आणखी ४ पफ आणि आईला बोलवा. त्यानंतर २० मिनिटांनीही बरं नसेल, किंवा बरं वाटून ४ तासांच्या आत त्रास परत आला, तर लाल. मधेच वाढला तर वेळ पाहत बसू नका, लगेच लाल.”

‘एकटीला कुठेही पाठवू नका’ हे वाक्य किरकोळ वाटतं. पण ‘जा, ऑफिसमध्ये बसून ये’ किंवा ‘तोंड धुऊन ये’ ही शाळेत सवयीने दिली जाणारी आज्ञा आहे. जिन्यावर किंवा स्वच्छतागृहात मुलीचा त्रास वाढला, तर तो कोणालाच दिसणार नाही.

लाल: आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असं नाही

‘डिस्ट्रेस’ या एका शब्दाच्या जागी पाच खुणा येतात. पहिली, बोलणं. मुलीला पूर्ण नाव आणि पत्ता सांगायला लावायचं. दोन-तीन शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागलं तर लाल. दुसरी, श्वास घेताना गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं. त्यासाठी शर्टाचं वरचं बटण काढून पाहावं लागतं. तिसरी, रंग. सावळ्या मुलांत त्वचेचा निळेपणा कळत नाही. ओठांची आतली बाजू आणि जीभ पाहायची, ती करडी-निळसर दिसते. चौथी, पेंगणं, गोंधळणं, दमून मान टाकणं.

पाचवी खूण सर्वांत फसवी आहे, आणि बहुतेक कागदांत ती नसते. शिट्टीसारखा आवाज यायचा असेल तर नलिकांतून थोडीफार हवा जावी लागते. नलिका फारच आवळल्या तर हवाच जात नाही, आणि आवाज बंद होतो. अनोळखी माणसाला वाटतं, घरघर थांबली, म्हणजे औषध लागू पडलं. खरं तर ही सर्वांत वाईट अवस्था असते. फरक मुलीकडे पाहूनच कळतो: बरी झालेली मुलगी बोलते, इकडेतिकडे बघते, आवाज बंद पडलेली मुलगी बोलत नाही आणि तिची छाती धडपडत असते.

“लाल – जिवाला धोका. एकाने औषध द्यायचं, दुसऱ्याने १०८ला फोन. एकेक करून ६ पफ, ताठ बसवून. रुग्णवाहिका येईपर्यंत दर २० मिनिटांनी पुन्हा ६. त्यानंतर आईला फोन. आईची वाट पाहू नका. शाळेत एकच मोठं माणूस असेल तर पहिले पफ द्या आणि फोन स्पीकरवर लावा.”

फोनचा क्रम इथे मुद्दाम लिहिलेला असतो. सवयीने शाळा आधी पालकांना फोन लावते, पालक ‘आलोच’ म्हणतात, आणि वाहतुकीत अर्धा तास निघून जातो. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४पासून आहे. तिच्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, आईच्या स्कूटरवर नसतो. लाल भागाखाली आई-वडिलांची सही घेतात ती यासाठीच, की त्यांची परवानगी आधीच मिळालेली असावी.

२६० या आकड्याचं काय करायचं?

टिपणातला ‘पीईएफ बेस्ट २६०’ हा फुंकर मोजण्याच्या नळीवरचा, म्हणजे पीक फ्लो मीटरवरचा, आकडा आहे. मुलगी अगदी बरी असताना दोन-तीन आठवडे रोज मोजून मिळालेली तिची सर्वोत्तम फुंकर, मिनिटाला २६० लिटर. त्याचे ८० टक्के २०८ आणि ५० टक्के १३० होतात. मीटरवर दहा-दहाच्या रेघा असतात, म्हणून २०८चं २१० करायचं. सुरक्षिततेसाठी सीमा वर सरकवलेली बरी. मग २१० आणि वर हिरवा, १३० ते २१०च्या मधे पिवळा, १३०च्या खाली लाल.

हे गणित नेमकं वाटतं, पण शाळेत त्याच्यावर फार विसंबता येत नाही. तीनदा जोर लावून फुंकून त्यातला मोठा आकडा घ्यावा लागतो. खोकणारी, घाबरलेली मुलगी नीट फुंकत नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. घरचं आणि शाळेतलं मीटर वेगळ्या बनावटीचं असेल तर आकडे जुळत नाहीत. मुलं उंच होतात तसा सर्वोत्तम आकडा वाढतो. वर्षापूर्वीचा २६० आज कमी पडत असेल, तर आजारी मुलगीही हिरव्यात दिसेल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॉक्रेन आढाव्यात मुलांवरच्या चार छोट्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. लक्षणांवर आधारलेले कागद वापरणाऱ्या मुलांना तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ आकड्यांवर आधारलेल्या कागदांपेक्षा कमी आली होती. म्हणून या कागदावर खुणा आधी आणि मोठ्या अक्षरात येतात, आकडा शेजारी बारीक. लाल भागात तर स्पष्ट लिहायचं: फुंकर मोजण्यात वेळ घालवू नका.

पंप कुठे आहे?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१२च्या ऑक्टोबरमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला शाळेत दम्याचा तीव्र झटका आला. त्याचा पंप शाळेच्या ऑफिसात ठेवलेला होता, मुलाजवळ नव्हता. तो दगावला. त्याच्या आईने पाठपुरावा केला आणि २०१५ साली प्रांतात कायदा झाला. ‘रायन्स लॉ’ या नावाने तो ओळखला जातो. मुलांना पंप जवळ बाळगू द्यायचा आणि प्रत्येक शाळेने दम्याचं धोरण ठेवायचं, हे त्यामुळे बंधनकारक झालं.

म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पंपाची जागा लिहिणं हे औषधाच्या मात्रेइतकंच गरजेचं आहे. या मुलीचा एक पंप आणि स्पेसर तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, दुसरी जोडी स्टाफरूममधल्या उघड्या कपाटात, कुलूप नाही. पीटीला आणि सहलीला दप्तरातली जोडी सोबत जाते. पंप शाळेच्या व्हॅनमध्ये उन्हात ठेवायचा नाही, कारण डबीत दाबाखालचा वायू असतो.

त्या जोडीत नेमकं काय आहे, हेही उघडून पाहायला हवं. आपल्याकडे बरीच मुलं रोटाहेलर वापरतात. त्यात कॅप्सूलमधली भुकटी जोरात श्वास ओढून घ्यावी लागते. झटका आलेल्या मुलाला तेवढा जोरच लावता येत नाही. त्यामुळे घरी रोटाहेलर असला तरी शाळेच्या पेटीत दाबायचा पंप आणि स्पेसर ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारावं. पंपाचा रंग कंपनीनुसार बदलतो, म्हणून कागदावर रंग लिहायचा नाही. औषधाचं नाव लिहायचं आणि तीच पट्टी पंपावर चिकटवायची. नाहीतर घरून चुकून बुडेसोनाइडचा पंप येतो आणि त्रासाच्या वेळी त्याने तातडीचा आराम मिळत नाही.

पंप रिकामा झाला हे ओळखणंही फसवं आहे. डबी पाण्यात तरंगते का ते पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. औषध संपल्यावरही आतला वायू काही वेळ फुस्स करत राहतो. मोजणी दाखवणारा पंप असेल तर उत्तम, नाहीतर वहीत हिशेब ठेवायचा. पंपावर साधारण दोनशे पफ लिहिलेले असतात.

पालक अनेकदा शाळेने नेब्युलायझर घ्यावा असा आग्रह धरतात, कारण दवाखान्यात वाफ देतात तीच जोरदार, असा समज आहे. सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेले पफ तेवढेच काम करतात, आणि त्यांना वीज लागत नाही. स्पेसर अगदीच नसेल तर काय, यावर केपटाऊनच्या डॉक्टर हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी पंपाच्या आकाराचं भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरसारखाच चालतो, असं त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. तरीही तीनशे-चारशे रुपयांत मिळणारी वस्तू पेटीत असणं केव्हाही बरं.

तालीम

कागद लिहून झाला की तो डॉक्टरांच्या सहीला जाण्याआधी एकदा वापरून पाहायचा. दहा मिनिटं पुरतात. पीटीचे सर, वर्गशिक्षिका आणि दारावरचे शिपाईमामा यांच्या हातात तो द्यायचा आणि एकेक प्रसंग सांगायचा. ‘मुलगी खोकतेय, पण बोलतेय. काय कराल?’ ‘चार पफ देऊन दहा मिनिटं झाली, आता ती झोपेला आलीय.’ ‘आवाज थांबला, पण ती उत्तर देत नाही.’ उत्तर देताना बोट कागदावर कुठे जातं, ते पाहायचं. बोट भरकटलं तर दोष वाचणाऱ्याचा नसतो. ती ओळ पुन्हा लिहायची.

अशा तालमीत सापडणाऱ्या चुका सहसा वैद्यकीय नसतात. ऑफिसने कागदाच्या झेरॉक्स काढल्या आणि तिन्ही रंग एकसारखे करडे झाले. म्हणून प्रत्येक भागावर ‘हिरवा’, ‘पिवळा’, ‘लाल’ अशी नावं ठळक छापावी लागतात. ज्यांना लाल-हिरव्यात फरक दिसत नाही, त्यांचीही त्याने सोय होते. ‘२० मिनिटांनी’ म्हणजे त्रास सुरू झाल्यापासून की पफ दिल्यापासून, हे दोघांनी दोन प्रकारे वाचलं. वेळ लिहायची रिकामी जागा तेव्हाच आली. आई कंपनीत कामाला असते आणि शिफ्टमध्ये तिचा मोबाइल लॉकरमध्ये राहतो. मग तिच्या विभागाचा लँडलाइन आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर खाली आले.

कागदाच्या मागच्या बाजूला एक तक्ता आखलेला असतो: तारीख, वेळ, काय दिसलं, किती पफ, किती वेळाने बरं वाटलं. पीटीच्या आधीचे ठरलेले पफ सोडून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा पंप लागला, तर वर्गशिक्षिका घरी चिठ्ठी पाठवतात. तेवढ्यावरून डॉक्टरांना कळतं की रोजचं औषध पुरत नाही, किंवा स्पेसर नीट वापरला जात नाही, किंवा रोजचा पंप घेणंच सुटलं आहे. प्रत्येक तपासणीला आई या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून नेते.

कागदाची मुदतही त्यावरच छापतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना नवा, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर घरी आल्यावर नवा, औषध बदललं तर त्याच दिवशी नवा. या मुलीच्या कागदाच्या पाच प्रती आहेत: दप्तर, वर्ग, स्टाफरूम, पीटीची खोली आणि व्हॅन. म्हणून तळाशी पाचही जागांची नावं आणि प्रत्येकापुढे चौकट ठेवलेली आहे. नवी प्रत लावताना जुनी काढली की त्या चौकटीत खूण करायची. पाचही चौकटी भरल्याशिवाय वर्गशिक्षिकांनी खाली सही करायची नाही, असं तिथेच लिहिलेलं आहे.